मोकळा दिसणारा गुरुवार

आमच्या खात्याच्या मीटिंगा मी लावते. आधी हे काम एका बाबूंकडे होतं. ते निवृत्त झाले, त्यांची खुर्ची मोडीत गेली आणि काम माझ्या टेबलावर आलं. मी कारखान्यात दुरुस्ती-नियोजनाच्या ऑफिसात आहे. कुठलं यंत्र कधी बंद ठेवायचं, त्या वेळात कोणी काय काम उरकायचं, याचे तक्ते बनवणारं ऑफिस. तक्ता बनण्याआधी माणसं एका खोलीत बसावी लागतात. ती बसवायची माझ्याकडे.

तेव्हा चार दिवसांचं एक मोठं बंदकाम ठरायचं होतं. नऊ माणसं हवी होती. आमच्या साहेबांनी शुक्रवारी दुपारी जाता जाता दारातूनच सांगितलं, "अगले हफ्ते रख दो, जल्दी. बड़े साहब से टाइम ले लो."

मोठ्या साहेबांच्या पी.ए.ने गुरुवारी अकरा वाजता वेळ दिली. मी कॉम्प्युटरवर नऊ नावं टाकली. समोर पट्ट्या येतात, प्रत्येक नावापुढे एक. माणूस कामात असला की निळी, रजेवर असला की जांभळी, मोकळा असला की पांढरी. गुरुवारी अकराला नऊही पट्ट्या पांढऱ्या. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. निमंत्रण पाठवलं, पर्स उचलली आणि निघाले.

शनिवारी सकाळी सात जणांचे होकार आले होते. एकाचा नव्हता, तो कुणालाच उत्तर देत नाही, त्याचं काही नाही. दुसरा नसलेला होकार क्रेनवाल्या काकाजींचा होता. ते मूळचे वरूडकडचे, तीस वर्षांपासून क्रेनच्या दुरुस्तीत. चार लोकांसमोर मी त्यांना सर म्हणते, एकट्यात काकाजी. निमंत्रण आलं की अर्ध्या तासात उत्तर देणारा माणूस. मला चुटपुट लागली. म्हणून मी पट्ट्या सोडून त्यांचं स्वतःचं कॅलेंडर उघडलं. आमच्या खात्यात ती एकमेकांना दिसतात.

गुरुवारच्या चौकोनात अगदी वर, तारखेला चिकटून, एक बारीक फिकट ओळ होती: 'रजा. उतई.' उतई म्हणजे दुर्गजवळचं गाव.

ती दिवसभराची नोंद होती. दिवसभराची नोंद केली की कॉम्प्युटर ती आपणहून 'मोकळा' म्हणून धरतो. वाढदिवस, सण लिहून ठेवायला ते बरं पडतं. रजा असेल तर 'ऑफिसबाहेर' असं आपल्याला निवडावं लागतं. काकाजींनी निवडलं नव्हतं. म्हणून पट्टी पांढरी होती. मला हे माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी मीच सगळ्यांना मेल करून कळवलं होतं. तरी मी पट्ट्यांवर विसंबले.

मी फोन लावला.

"काकाजी, गुरुवारी तुमची रजा आहे का?"

"होती नं," ते म्हणाले. "आता कॅन्सल करून राहिलो. तुमचा बुलावा आला नं बड्या साहेबाचा."

"पण उतईला काय आहे?"

"जागेची मोजणी आहे. रिटायर झाल्यावर घर बांधासाठी घेतली होती, थे. बाजूवाला म्हनते, तुमची हद्द माह्या बांधात येते. आठ महिन्यापासून अर्ज देऊन ठेवला होता. आता कुठं तारीख भेटली. पन जाऊ द्या, मी पोराले पाठवतो."

"मुलगा तर पुण्याला आहे ना?"

"हो," ते म्हणाले.

मी म्हटलं, "रजा रद्द करू नका. सोमवारपर्यंत थांबा."

का म्हटलं कोण जाणे. माझ्या हातात काहीच नव्हतं. रविवारी मी घरी एक काम धड केलं नाही. सेक्टर दहाच्या आमच्या क्वार्टरला मागे एक चिंचोळं अंगण आहे, तिथे कपडे वाळत घालता घालता मी मनातल्या मनात नऊ माणसं इकडून तिकडे हलवत होते. सुपेल्याला भाजी आणायला गेले आणि कोथिंबीर तिथेच विसरून आले. नवरा म्हणाला, "अवं, एका मीटिंगसाठी एवढं कावून करून राहिली? त्यांनी नीट लिहिलं नाही, त्यांची चूक." बरोबर होतं त्याचं. पण नीट पाहायचं काम माझं होतं, आणि तेवढं एकच तर काम होतं.

सोमवारी साहेब यायच्या आधी मी त्यांच्या दाराशी उभी होते.

"एक आदमी के लिए?" ते म्हणाले.

"सर, बंदकामात दोन ठिकाणी क्रेन लागणार आहे. त्यांच्याशिवाय बसलो तर पुन्हा बसावं लागेल." हे मी हिंदीतच म्हटलं, पण अडखळत.

ते कागद चाळत राहिले. मग म्हणाले, "बड़े साहब का टाइम तुम ही लो. और इसी हफ्ते. सामान की लिस्ट शनिवार को जानी है."

पी.ए.ने आधी नाही म्हटलं. मी फोन ठेवला नाही. मग तो म्हणाला, बुधवारी तीन वाजता आहे, नाहीतर पुढचा आठवडा. बुधवार म्हणजे मधे एकच दिवस.

या वेळी मी पट्ट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. एकेकाचं कॅलेंडर उघडलं, चौकोनाच्या वरची बारीक ओळ आहे का ते तपासलं. पाळीत काम करणाऱ्या दोघांचं कॅलेंडर रिकामंच असतं, त्यांच्या रजा आणि सुट्ट्या त्यांच्या खोलीतल्या भिंतीवरच्या तक्त्यात. तिथे फोन केला. एकाची बुधवारी साप्ताहिक सुट्टी होती, तो म्हणाला, "येतो, बदल्यात दुसरी घेईन." उत्तर न देणाऱ्यालाही फोन केला. त्याने 'हाँ हाँ' म्हटलं. काकाजी मोकळे होतेच.

राहिली माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी. नवीन इंजिनियर, दुर्गची, घरी छत्तीसगढ़ी बोलणारी. रोज माझ्या टेबलावरून पंचिंग मशीन नेणार आणि 'दीदी, लौटाती हूँ' म्हणून संध्याकाळपर्यंत विसरणार. तिचं कॅलेंडर मी उघडलं. बुधवार स्वच्छ. वर ओळ नाही, खाली चौकोन नाही. मी पुढे गेले.

जुनंच निमंत्रण उघडून त्यातला दिवस आणि वेळ बदलली, म्हणजे गुरुवारचं आपोआप निघून जातं, दोन राहत नाहीत. सगळ्यांना बदल पाठवला. संध्याकाळपर्यंत नऊपैकी आठ होकार. तिचा सगळ्यात आधी.

बुधवारी मीटिंग झाली. मी मागे बसून टिपण घेत होते. तक्ता सगळ्यांना पटला होता, मोठे साहेब घड्याळ पाहत होते, तेव्हा काकाजी म्हणाले, "सर, दूसरे दिन सुबह की पाली में ये दोनों काम एक ही क्रेन माँग रहे हैं." सगळे तक्त्यावर वाकले. खरंच होतं. त्यावर पाऊण तास गेला आणि एक काम चौथ्या दिवशी सरकलं. माझ्या साहेबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, जरा मान हलवली. मला वाटलं, सुटले.

मीटिंग संपल्यावर कँटीनमध्ये चहाला गेले. तिथे त्या मुलीच्या खोलीतला एक सहकारी तिला विचारत होता, "तू नागपुर नहीं गई? छुट्टी डाली थी न?"

ती म्हणाली, "वापस ले ली."

मी चहा तसाच ठेवला आणि तिच्याकडे गेले. "कौन-सी छुट्टी?"

तिची धाकटी बहीण नर्सिंगची नोकरी लागून केरळला निघाली होती. घरातून पहिल्यांदाच एवढ्या लांब. हिने तिला नागपूरपर्यंत सोडायचं ठरवलं होतं, तिथून गाडी बदलायची होती. रजेचा अर्ज तिने मागच्या आठवड्यातच टाकला होता. पण तो तिच्या वरिष्ठांकडे पडून होता. मंजूर व्हायच्या आधी रजा कुणी कॅलेंडरवर चढवत नाही. माझं निमंत्रण आलं तसा तिने अर्ज मागे घेतला. दुपारी, आम्ही तक्त्यावर वाकलो होतो तेव्हा, बहीण एकटीच गाडीत बसली होती.

"अगं, मला सांगायचं नाही का? मैं बाजू में ही तो बैठती हूँ," मी म्हटलं. आवाज चढला माझा. रागावले होते मी, आणि कुणावर ते मलाही कळत नव्हतं.

ती गोंधळली. "आपने औरों को फोन किया था न दीदी. मुझे नहीं पूछा. तो मैं समझी कि मेरा आना तय ही है."

लांबच्या माणसांना फोन केले होते. भिंतीवरचे तक्तेसुद्धा विचारले होते. दोन पावलांवरच्या माणसाला विचारलं नव्हतं.

बहीण नीट पोचली. नागपूरला तिला दुसरी एक मुलगी भेटली, तीही तिकडेच चाललेली. रात्री फोन आल्याचं ती मला दुसऱ्या दिवशी सांगत होती, हसत, माझी समजूत घालावी तसं. मी हो हो म्हणत होते आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं.

शुक्रवारी काकाजी आले. मी आधी विचारलं, "झाली मोजणी?"

"कुठची होते," ते खुर्ची ओढून बसले. "दिवसभर बसलो बाभळीखाली. बाजूवालाबी आला होता, डबा घेऊन. आम्ही दोघं संगंच जेवलो. पन मोजनारा आलाच नाही. त्याची कुठंतरी दुसरी ड्युटी लागली म्हने."

"मग आता?"

"आता पुन्हा तारीख." मग माझं तोंड पाहून म्हणाले, "तुम्ही कावून एवढ्या उतरल्या? तुम्ही तं चांगलंच केलं."

मी त्यांना त्या मुलीचं सांगितलं. ते ऐकत राहिले. त्यांनी मला काही समजावलं नाही, त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. ते फक्त म्हणाले, "तिले मी आज चहा पाजतो," आणि उठून शेजारच्या खोलीत गेले. भिंतीपलीकडून त्यांचं मोडकंतोडकं छत्तीसगढ़ी आणि तिचं हसू ऐकू आलं. मला उठून तिकडे जाता आलं नाही.

तेव्हापासून निमंत्रणाआधी मी तीन गोष्टी पाहते: पट्ट्या, चौकोनावरची ओळ, आणि पाळीवाल्यांचा तक्ता. त्यानंतर एकेकाला विचारते, रजेचा अर्ज टाकलाय का, टाकायचा विचार आहे का. साहेब म्हणतात मी वेळ फार घेते. घेते.

मागच्या आठवड्यात पुन्हा एक मीटिंग लावायची होती. मी उठून शेजारच्या खोलीत गेले, दाराशी उभी राहिले.

"मंगलवार को कुछ है तुम्हारा? कोई छुट्टी, अर्जी, कुछ भी?"

ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "नहीं दीदी, कुछ नहीं. आप रख लीजिए."

फार पटकन म्हणाली. मी जागेवर येऊन बसले, निमंत्रण उघडलं, नावं भरली. बटणावर बोट ठेवलं आणि परत उठले.