‘च’ला वेगळं घर

भाषा विभागात तिला सगळे ‘करवत’ म्हणत, तेही तोंडावर. पाठीमागे कुजबुजलेलं तिला ऐकू येतंच, मग कुजबुजायचं कशाला?

डोंगरापलीकडच्या एका बोलीला लिपी नव्हती. करवतीने उमेदीची वर्षं घालून त्या बोलीचा वर्णांचा तक्ता केला होता: व्यंजनं प, त, क, म, न, स, ल, आणि स्वर आ, इ, उ. आता पहिलीचं पुस्तक छापायला जायचं होतं आणि विभागप्रमुखाने तक्ता अडवला. हा प्रमुख तिचाच विद्यार्थी. तिने त्याला एकदा नापास केलं होतं, आणि ते दोघांनीही जपून ठेवलं होतं.

त्याचं म्हणणं, तक्त्यात ‘च’ हवा, माणसं स्पष्ट ‘च’ म्हणतात. करवत म्हणाली, म्हणतात ना, पण फक्त पुढे इ आली की. पुढे आ किंवा उ असला की ‘त’. एकाच जागी दोघं कधी समोरासमोर येत नाहीत, म्हणजे एकाच माणसाचे दोन सदरे. ‘पाला’ आणि ‘माला’त नुसता पहिला आवाज बदलून अर्थ बदलतो, म्हणून प, म वेगळे वर्ण. ‘त’ आणि ‘च’ची अशी जोडी कुठाय?

“आहे,” प्रमुख म्हणाला. “ताकू म्हणजे उंबरठा. चाकू म्हणजे चाकू.”

“तो बाजारातून आलेला शब्द. म्हातारी माणसं त्यालाही ताकूच म्हणतात.”

“आणि त्यांची मुलं, बाई?”

बाजारी शब्द भाषा नासवतात म्हणून करवतीने आपल्या ध्वनिफितींतून ते आधीच गाळून टाकले होते. मुलांना तर तिने विचारलंच नव्हतं.

प्रमुखाने डोंगरापलीकडच्या गावचे, तीच बोली बोलणारे तरुण बहीणभाऊ बोलावले. बहीण नर्स, भाऊ ड्रायव्हर. दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं. भावाने शब्द उच्चारायचा, बहिणीने समोरच्या दोन चित्रांतलं त्याचं चित्र उचलायचं. ही कसोटी करवतीनेच त्याला शिकवली होती, आणि तो ती तिच्याच गळ्यावर चालवत होता.

ताकू: उंबरठा. चाकू: चाकू. क्रम फिरवला, मग जागा बदलून बहिणीला बोलायला लावलं. एकदाही चूक नाही. भावाने वर हसून सांगितलं, आजी चाकूला ताकू म्हणते, आम्ही तिला चिडवतो.

आजीच्या तोंडी एक वर्ण, नातवंडांच्या तोंडी दोन. पुस्तक नातवंडांच्या मुलांसाठी होतं.

करवतीने तक्ता ओढून घेतला आणि ‘त’शेजारी ‘च’ काढला, इतका दाबून की कागद फाटायचाच राहिला.

“तक्त्यावर नाव तुमचंच राहील, बाई,” प्रमुख गोडीत म्हणाला.

“राहू दे. पण तू पास झालास असं समजू नकोस.” तिने पर्स उचलली. “आणि उद्या गाडी दे. गावातल्या मुलांकडे जायचंय. अजून काय काय गाळलंय, बघते.”