पेटीची मागची बाजू

"दादा आत असला की मला आतलं बघावं लागत नाही," असं धाकटा गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि ते अगदी खरं होतं. यंत्रं पाठवायच्या लाकडी पेट्या हे दोघे भाऊ मिळून बांधत. धाकटा आडमाप अंगाचा. तो बाहेरून ठोकायचा. थोरला चणीने लहान. तो फळीच्या पलीकडे लोखंडी ठोकळा धरून बसायचा. लाकूडबाजारात त्यांना हातोडी-ऐरण म्हणत.

खिळा कसा मारायचा, हे दोघांना बोलून ठरवावं लागत नसे. इंचभर जाडीची फळी, तिच्यामागे इंचभर जाडीची पट्टी, म्हणजे खिळा अडीच इंची. वरचा अर्धा इंच पलीकडे निघाला पाहिजे. टोक निघायला लागलं की थोरला तिथे ठोकळा तिरका टेकवायचा, आणि बाहेरच्या पुढच्या घावाला टोक वळून पुन्हा लाकडात शिरायचं. मात्र ते वळायला हवं पट्टीच्या लाकडातल्या रेषांना आडवं. रेषांच्या दिशेने वळलेलं टोक लोण्यातल्या सुरीसारखं. ओढ बसली की सरळ होऊन निघून येतं. ही दिशा बघणं थोरल्याचं काम. धाकट्याचं काम खिळे नागमोडी ठेवण्याचं, कारण एका ओळीत मारले तर फळी त्याच रेषेत उभी चिरते. वीस वर्षांत पेटीच्या आत वाकून पाहायची पाळी त्याच्यावर आलीच नाही.

मग थोरल्याच्या मुलाने हवेच्या दाबावर चालणारं खिळ्यांचं यंत्र आणलं. हलक्या मालाच्या खोक्यांसाठी ते झकास होतं. थोरला म्हणाला, "अरे, माझे गुडघे आता पेटीत मावत नाहीत. आपणही हेच करू." धाकट्याने दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली असताना म्हटलं, "त्या पेट्या आहेत की काडेपेट्या? फुंकर मारली तर उडतील. म्हातारपणी तुलाही त्यातच भरून पाठवतील." कुणीतरी हसलं. थोरल्याने ठोकळा फडक्यात गुंडाळला, बगलेत मारला आणि मुलाच्या शेडमध्ये गेला. तेव्हापासून बोलणं बंद. धाकट्याने लग्न केलं नव्हतं. वहिनीकडचं जेवण सुटलं, तसा तो दुकानामागच्या खोलीत स्टोव्हवर काहीतरी शिजवायचा आणि भिंतीकडे तोंड करून खायचा. तव्याचा आवाज त्याला नको इतका ऐकू यायचा.

काम मात्र त्याने सोडलं नाही. पलीकडे कुणी नव्हतं म्हणून त्याने जमिनीवर पोलादी पत्रा टाकला. बाजू त्याच्यावर आडवी ठेवायची आणि वरून ठोकायचं. टोक पत्र्यावर आपटून आपोआप वळतं. चार-सहा पेट्या अशाच गेल्या, कुणाची तक्रार नाही. लोकांना तो सांगायचा, "पत्रा बरा. रुसत नाही, जेवायला मागत नाही."

त्या वर्षी एका कारखान्याचा मोठा गियरबॉक्स परदेशी जायचा होता. यंत्र जड, वाट लांबची. लाकूड नुकतंच कापलेलं, ओलसर होतं. पण दुसरं वेळेत मिळेना. तळाचे जाड ओंडके, त्यांना बोल्टांनी आवळलेलं यंत्र, भोवती चार बाजू आणि प्रत्येक बाजूला एक तिरकी पट्टी. बाजू त्याने दुकानात पत्र्यावर ठोकून आणल्या, कारखान्यात चारही उभ्या केल्या. झाकण राहिलं. आठवडाभर पेटी तशीच पत्र्याच्या तापत्या छपराखाली उभी होती.

ट्रक यायच्या दिवशी सकाळी फोरमनने क्रेनने पेटीचं एक टोक वीतभर उचलून खाली ठेवायला लावलं. टेकताना कर्र आवाज झाला. तिरकी पट्टी खालच्या कोपऱ्यात फळ्यांपासून सुटून बोटभर आत आली.

"अहो मिस्त्री," फोरमन म्हणाला, "ही तर आत्ताच हात जोडायला लागली. बोटीवर काय करेल?"

धाकटा स्टुलावर चढला आणि वरून आत वाकला. टॉर्च मारला. टोकं कुठेही वळली होती. काही आडवी, पण बरीचशी पट्टीच्या रेषांवरच झोपलेली. ओलं लाकूड सुकून आकसलं होतं, खिळ्यांची पकड गेली होती, आणि शेवटी ज्यांच्यावर भिस्त, ती टोकंच रेषेतून सुटत होती. पत्र्याने टोकं वळवली होती; कोणत्या दिशेला, ते बघायला पत्र्याला डोळे नव्हते. आणि बाजू उलटून बघायची त्याला सवयच नव्हती.

"माझा एक पोऱ्या आत सोडू का?" फोरमनने विचारलं.

"नको. दाखवून येणारं काम नाही ते. दुपारपर्यंत थांबा."

पुतण्याच्या शेडपर्यंत तो चालत गेला. वाटेत माफीचं एक वाक्य जुळवलं. दारात यंत्राचा फटफट आवाज होता. तो थांबेपर्यंत वाक्याची शिवण उसवली.

"पेटी सुटतेय," तो म्हणाला. "तिरक्या पट्ट्या. यंत्र आत बसलंय."

थोरल्याने चष्मा पुसला. कोणती, कुठे, काही विचारलं नाही. फडक्यातला ठोकळा घेतला आणि चालू लागला.

पेटीत उतरताना गुडघा धरून तो क्षणभर थांबला. यंत्र आणि फळ्या यांच्यामध्ये त्याच्याएवढाच माणूस मावला असता. आतून बराच वेळ आवाज आला नाही. तो टोकं बघत असणार. आता म्हणेल, काडेपेटी. धाकटा हातोडी घेऊन वाट बघत राहिला. म्हणाला असता तर बरं झालं असतं. उलट टोला देता आला असता, दोन शिव्या झाल्या असत्या, आणि संध्याकाळी एका ताटावर बसता आलं असतं.

"जुने काढ," आतून आवाज आला. "नवे जुन्या भोकांपासून लांब घे. टोकं जरा बोथट कर, नाहीतर लाकूड फाटेल."

त्याने जुने खिळे उपसले. नव्याचं टोक लोखंडावर ठेवून हलकं ठोकलं, मग पट्टीच्या टोकापासून जागा सोडून खिळा लावला. घाव. घाव. मग आतून ठोकळ्याचा जड, भरीव आवाज. इतक्या दिवसांनी पलीकडून काहीतरी परत येत होतं.

"वहिनी बरी आहे ना?"

"पुढचा."

चारही बाजू झाल्या. क्रेनने पुन्हा टोक उचललं, ठेवलं. लाकूड हूं की चूं न करता बसलं. वर आलेल्या थोरल्याला फोरमनने हात दिला. झाकण धाकट्याने एकट्याने ठोकलं. ते माल पोचल्यावर उघडावं लागतं, म्हणून तिथे साधेच खिळे.

"चला!" फोरमन खुशीत होता. "हातोडी-ऐरण परत सुरू म्हणायची. पुढच्या दोन पेट्याही तुम्हालाच."

धाकट्याने भावाकडे पाहिलं. थोरला ठोकळा पुसत होता.

"त्याला द्या," तो म्हणाला. "मी आजच्यापुरता आलो." मग ठोकळा धाकट्याच्या पिशवीशेजारी ठेवून म्हणाला, "हा घे. मला आता लागत नाही. कुणालातरी शिकव. आणि मागची बाजू बघत जा."

धाकट्याच्या तोंडाशी ते सकाळचं वाक्य आलं होतं, सगळंच्या सगळं. त्याने ते गिळलं. ठोकळा पिशवीत टाकला. त्याच्या वजनाने खांदा खाली गेला. फोरमन चहाचं विचारत होता. क्रेनच्या सावलीतून, ट्रकच्या बाजूने धाकटा फाटकाबाहेर पडला.