बाजाराला न सांगितलेली फारकत

मानखुर्दला आमची दहा बाय दहाची खोली होती. आई चार घरची भांडी घासायची. बाबा नाक्यावर उभे राहायचे. कुणी कामाला नेलं तर ठीक, नाहीतर दुपारी परत. शाळेचा एकच स्कर्ट मी चार वर्षं घातला. दरवर्षी आई खालची दुमड उसवायची आणि न विटलेला गडद निळा पट्टा बाहेर यायचा. पोरी ते पट्टे मोजून मला विचारायच्या, "काय गं, यंदा तिसरा का?"

आमच्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मी बी.कॉम. आहे हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते.

कॉलेजातल्याच मैत्रिणीबरोबर घाटकोपरला गाळा भाड्याने घेतला. रीतसर नोंदवलेली भागीदारी, निम्मी-निम्मी. शाळांचे युनिफॉर्म शिवायचो. मी हिशेब आणि शाळा सांभाळायची, ती कापड आणि कटिंग. आठ वर्षांत त्यातूनच मी मुलुंडला वन रूम किचन घेतलं, माझ्या नावावर. हप्ते चालू होते, पण आई-बाबांच्या डोक्यावर पक्कं छप्पर आलं.

मग एका जुलैत, सीझन संपल्यावर, ती म्हणाली, "मला बाहेर पडायचंय गं. लेडीज टेलरिंग करायचंय, स्वतःचं. निळा स्कर्ट बघितला की मळमळतं आता."

भांडलो नाही. फर्म बंद करायचं ठरलं. हिशेब मीच मांडला, आणि बरोबर मांडला. आधी बाहेरच्यांची देणी, म्हणजे कापडवाले, बटणवाला, शिलाईच्या बायका. मग मी फर्मला वरून दिलेली उसनवारी. मग दोघींचं भांडवल. उरलं ते अर्धं-अर्धं. मशीन मी ठरलेल्या किमतीला माझ्या वाट्यात घेतल्या. स्टॅम्पपेपरवर करार झाला, सह्या झाल्या. वडापाव खाल्ला. त्याच गाळ्यात मी माझ्या एकटीच्या नावाने नवा धंदा सुरू केला.

फक्त एक गोष्ट मी तिला बजावली होती. "बाजारात बोलू नकोस हं. फाटाफूट झाली कळलं तर शेठ लोक उधारी बंद करतील." आमच्या धंद्यात सगळे असंच करतात. भागीदार वेगळे होतात आणि वर्षभर एकत्र असल्यासारखे हसतात.

ऑक्टोबरात कापडाचे शेठ स्वतः गाळ्यावर आले. बिल पुढे ठेवलं. एक लाख चाळीस हजार, कॉटन आणि अस्तर, ऑगस्टची तारीख, जुन्या फर्मच्या नावावर.

"हे आमचं नाही," मी म्हटलं.

"ताई, तुमच्या पार्टनरने फोन केला. म्हणाल्या, नेहमीच्या खात्यावर टाका. आठ वर्षं असंच टाकतोय ना?"

मी कपाटातून करार काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. "बरोबर आहे. पण हे मला कोणी सांगितलं?"

शेठ गेल्यावर मैत्रिणीला फोन लावला.

"अगं, देणारच होते मी. आपलं खातं होतं तिथे, म्हणून..."

"आपलं? आपलं जुलैत संपलं होतं!"

"मग तूच म्हणालीस ना, बाजारात बोलू नकोस. शेठना काय सांगणार होते मी? आता माझ्याकडे पैसे नाहीत, खरंच."

मुलुंडच्या वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "जाहीर नोटीस दिली?"

"कसली?"

"फर्म नोंदवलेली होती ना? मग निबंधकाला कळवायचं, राजपत्रात छापायचं, जिल्ह्यातल्या मराठी पेपरात छापायचं. तोवर बाहेरच्यांसाठी तुम्ही दोघी भागीदारच. करार तुमच्या दोघींत. शेठ पूर्ण रक्कम एकट्या तुमच्याकडून मागू शकतात. तुम्ही मग मैत्रिणीकडून वसूल करा."

"फर्मकडे तर आता काहीच नाही."

"मग तुमचं स्वतःचं. घर कोणाच्या नावावर आहे?"

घर माझ्याच नावावर होतं. बी.कॉम.ला हा कायदा होता. पेपरात मला चांगले मार्क होते. तेच डोक्यात फिरत राहिलं. चोरी कुणी केली नव्हती, मीच तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. आणि अजून कुठल्या दुकानात तिने फोन केला असेल, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः दुकानोदुकानी गेले. "आमची फर्म बंद झाली," एवढंच सांगत. जुन्या खात्यावर आणखी बिल कुठे निघालं नाही, पण दोघांनी तोंडावर उधारी थांबवली. शेठनी सहा हप्ते मान्य केले. मैत्रीण आली, नोटिशीवर सही केली, आणि ती रक्कम मला द्यायची आहे असं लिहून दिलं. मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

नोटीस छापून आली. निबंधकाकडे फर्म बंद झाल्याची नोंद झाली. सहाही हप्ते मी फेडले. तिच्याकडून निम्मे पैसे आलेत, निम्मे यायचेत. मुलुंडचं घर माझ्या नावावर आहे, आणि आई-बाबा त्यात राहतात.