हिरवा माणूस पळतो त्या बाजूला

रामनगरात कुणालाही विचारा, लखू पेंटर कुठे राहतो, तर हात आधी स्टँडकडे वळतो. स्टँडवरची बहुतेक अक्षरं त्याचीच आहेत. लखू मिराशी मूळचा अणशीकडच्या डोंगरातला. वाघाच्या रानातल्या रस्त्यावर ‘हळू चला’ लिहीत लिहीत तो रानाबाहेर पडला आणि रामनगरात राहिला. कन्नड अक्षरं तो वाचण्यापेक्षा चितारतोच जास्त. मराठी लिहितो, पण ऱ्हस्व-दीर्घ गिऱ्हाईक सांगेल तसं. चित्र मात्र त्याचं चुकत नाही, असं तो सांगायचा आणि लोकही मानायचे.

ते चुकलं एकदाच, काजूच्या शेडमध्ये.

गावाबाहेर खानापूर रस्त्याला ही लांबट शेड आहे. पुढच्या टोकाला मोठं दार, आत शिरल्यावर डावीकडे बॉयलर, आणि बॉयलरच्या तोंडाशी काजूच्या टरफलांचा ढीग. त्या टरफलांत तेल असतं. पेटलं की काळा धूर सोडत धडाडून जळतं. मागच्या टोकाला लहान दार, त्याबाहेर फणसाचं झाड. मधे लांब टेबलं, आणि टेबलांवर गर सोलणाऱ्या चाळीस बायका. अगदी मागच्या टेबलाशी लखूची बायको रुक्मा. ती तिथं नऊ वर्षं बसते.

तीन वर्षांपूर्वी मालकानं आगीचे बोर्ड रंगवायचं काम लखूला दिलं. काय कुठं रंगवायचं ते सांगायला कारवारकडून महाबळेश्वर नायक म्हणून अग्निशामक दलातून निवृत्त झालेले गृहस्थ आणले होते. लखूनं त्यांची वाट न बघता मागच्या दारावर झकास लाल चौकोन रंगवून ठेवला, आत पांढरा पळणारा माणूस. लाल दिसतो लांबून, हा त्याचा हिशोब.

नायक आले, बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“पेंटर, हा माणूस कुठं पळतोय?”

“भाईर, सर.”

“मग लाल कशाला? लाल चौकोन म्हणजे आग विझवायची वस्तू. सिलिंडर, पाण्याचा पाइप, धोक्याची घंटा दाबायचं बटण. धुरात एखादी बाई हा लाल बघून सिलिंडर शोधत बसेल. वाट हिरवी. हिरव्यावर पांढरा माणूस, पांढरा बाण. पुसून टाका.”

लखूनं पुसलं. त्या दोन दिवसांत नायकांनी त्याला जे शिकवलं ते त्याच्या डोक्यात कायमचं बसलं, कारण त्यात अक्षर नव्हतं. बॉयलरजवळ पिवळा त्रिकोण, काळी कड, आत काळी ज्वाळा: इथं पेट घेणारं आहे, सांभाळ. विजेच्या पॅनेलवर तोच त्रिकोण, आत वीज. टरफलांच्या ढिगामागच्या भिंतीवर पांढऱ्यावर लाल वर्तुळ, त्यात जळती काडी आणि तिच्यावर आडवी लाल रेघ: हे करू नको. निळं गोल म्हणजे हे करच. कटिंगच्या मशीनवर त्यानं निळ्यात पांढरा हातमोजा काढला. पॅनेलजवळच्या सिलिंडरवर लाल चौकोन.

मधल्या खांबावर हिरवा बाण वर तोंड करून काढायला सांगितला तेव्हा मात्र लखू अडला.

“वर? पत्र्यावर चढायचं काय सर बायकांनी?”

“वर म्हणजे सरळ पुढं. जगात सगळीकडं असंच.”

शेवटी बाहेर फणसाच्या खोडाशी एक हिरवा बोर्ड लागला. मधे माणसांचा घोळका, चारी कोपऱ्यांतून आत येणारे चार बाण. सगळ्यांनी बाहेर पडून इथं जमायचं, डोकी मोजायची.

बायकांनी पळणाऱ्या माणसाचं नाव लगेच येसू ठेवलं. येसू हा शेडमधला हमाल, सहाची घंटा वाजायच्या आत बस गाठायला निघालेला असायचा. “येसू पळाला गं!” असं कुणी म्हटलं की टेबलं हसायची. नायकांनी बायकांना चार वेळा उठवून, रांगेत, मागच्या दारातून फणसाखाली नेलं. पॅनेलवर ठिणगी दिसली, धूर दिसला, काहीही झालं तरी पुढं बॉयलरकडं यायचं नाही, हिरवा माणूस पळतो त्या बाजूला जायचं. मराठी वाचणाऱ्या, कन्नड वाचणाऱ्या आणि काहीच न वाचणाऱ्या, सगळ्यांना ते एकसारखं कळलं. आपण रंगवलेलं असं सगळ्यांनी एकदम वाचलेलं लखूनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. घरी येऊन तो रुक्माला म्हणाला होता, “देवळाचं शिखर रंगवलं तवा बी एवढं बरं वाटलं न्हवतं.”

यंदा आषाढ सरता सरता मॅनेजर विनोदनं त्याला बोलावलं. रंग उडालेत, तपासणीआधी सगळे बोर्ड परत उजळायचे. लखू डबे घेऊन मागच्या टोकाला गेला आणि थांबला. दारापुढं छातीएवढी काजूच्या पोत्यांची थप्पी होती. पोत्यांवरून वाकून बघितलं तर कडीला कुलूप.

“विनोदराव, हे काय?”

“गोदाम गळतंय. पोती भिजवू काय?”

“आनि कुलूप?”

“गर जात हुता त्या दारानं. पिशवीच घावली फणसाखाली.” विनोद मोबाइलमधून वर न बघता म्हणाला. “तपासणीला उघडतो की. किल्ली माझ्यापाशीच हाय.”

“आग तुमाला विचारून लागनार हाय?”

“लखूअण्णा, तू पेंटर. रंग लाव.”

“मग बान फिरवतो. मोठ्या दाराकडं करतो.”

“खुळा हायस काय? मंजूर नकाशात दोन दारं हायत. बान फिरवलास तर कागद खोटा पडंल.”

“मग पुसून टाकतो. दार न्हाई तर मानूस नको. चिन्ह नसलं तर बाई इकडंतिकडं बघंल तरी. हे असलं म्हंजे तिला हाताला धरून भिंतीवर न्यायचं.”

“पुसायचं न्हाई. रंगवायचं असंल तर रंगव.”

लखूनं डब्याची झाकणं परत बसवली. एवढंच त्याला करता आलं. बाकी सगळे बोर्ड त्यानं उजळले, तो एक सोडून.

घरी त्यानं नायकांना फोन लावला. ते म्हणाले, लेखी तक्रार द्या, नावानिशी, मी कुठं द्यायची ते सांगतो. लखू कागद घेऊन बसला. रुक्मा भाकरी थापत होती, ती हात न धुताच उठून आली.

“कुनाचं नाव घालताय?”

“माजं.”

“तुमचं म्हंजे माजंच. उद्या मला घरी बसवतील. आनि शेड बंद पडली तर चाळीस जनी आपल्या दारात येतील, मालकाच्या न्हाई.”

“तू मागं बसतीस रुक्मे. पुढं बॉयलर. मधे अडकलीस तर?”

“जागा काय मी निवडलीया?”

लखूनं कोराच कागद घडी करून ठेवला. “मग एवढं तरी ध्यानात ठेव. त्या मानसाकडं जायाचं न्हाई. तो आता खोटा हाय. सरळ पुढं, भिंतीला धरून, मोठ्या दाराकडं.”

“बरं.”

“सगळ्यांस्नी सांग.”

तिनं सांगितलं. राजेश्वरी नावाची तिच्या शेजारची बाई म्हणाली, “अक्का, तुझ्या नवऱ्यानंच काढलाय की गं तो. आता म्हनतोय खोटा हाय. कामाचे पैसे कमी दिले वाटतं!” टेबल हसलं. नायकांनी चार वेळा पायांना शिकवलेलं रुक्माच्या एका वाक्यानं कसं निघणार?

आठवड्यानं विनोदनं बेळगावहून तयार स्टिकर आणले. लखूचा फिका माणूस त्याखाली झाकला गेला. नवा माणूस सफाईदार होता, खांद्यापासून टाचेपर्यंत एका मापात, आणि दिवसभर दिव्याचा उजेड पिऊन अंधारात आपणहून चमकायचा. मधल्या खांबांवर तसेच बाण. लखूनं तो लांबून पाहिला आणि मनातल्या मनात कबूल केलं की असा आपल्याला जमला नसता.

श्रावणात एका दुपारी तो शेडमध्ये, मोठ्या दाराच्या आतल्या बाजूला, पत्र्याच्या डब्यांवर नावं लिहीत बसला होता. हे काम त्यानं नाकारलं नव्हतं, घर चालायला हवं होतं. बाहेर आभाळ खाली आलेलं, पावसाचा झोत आत येतो म्हणून दाराचं शटर गुडघ्याएवढंच उघडं ठेवलेलं. खिडक्यांना जाळ्या, जाळ्यांवर प्लॅस्टिक. दिवे लावूनच काम चाललं होतं.

पॅनेलमध्ये फट्कन आवाज झाला. निळी ठिणगी दिसली आणि सगळे दिवे गेले. बॉयलरचा पंखा थांबला तसा धूर उलटा शेडमध्ये येऊ लागला. टरफलाच्या तेलाचा तो उग्र, डोळ्यांत घुसणारा वास.

आणि काळोखात एकामागोमाग एक हिरवे बाण उमटले. शेवटी, पार टोकाला, तो हिरवा माणूस.

खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. कुणी किंचाळलं नाही, तेच भयंकर होतं. बायका उठल्या, एकमेकींच्या पदराला धरून रांगेत लागल्या आणि बाणाबरोबर निघाल्या.

“इकडं!” लखू ओरडला. “तिकडं दार न्हाई! रुक्मे, इकडं या सगळ्या!”

त्यानं शटर वर रेटलं. ते अर्ध्यात अडकलं. आत आला तो राखाडी उजेड दोन टेबलांपलीकडे धुरात विरला. तो ओरडत राहिला, पण पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की त्याचा आवाज त्यालाच नीट येत नव्हता. तो भिंतीला धरून आत धावला, टेबलाच्या कोपऱ्यावर मांडी आपटून खाली बसला. तिथून त्याला दिसत होतं, हिरव्या माणसाखाली सावल्या गोळा होत होत्या. पुढच्या सावल्या पोत्यांना टेकल्या, मागच्या त्यांच्यावर रेलल्या. कुणीतरी पोत्यांवर हात मारत होतं, थप थप थप.

मग सुपरवायजरनं दुसरी लाइन जोडली आणि दिवे आले. पंखा सुरू झाला, धूर चिमणीकडे वळला. पॅनेलमधला फक्त एक फ्यूज उडाला होता. पोत्यांना चिकटलेल्या चाळीस बायका उजेडात डोळे मिचकावत उभ्या होत्या. कुणीतरी हसलं, मग सगळ्याच हसू लागल्या, गरजेपेक्षा जास्त वेळ.

विनोद ऑफिसातून धावत आला. क्षणभर त्याचा चेहरा पांढरा पडलेला होता, लखूनं तो पाहिला. पण रांग बघून तो सावरला.

“हलू नका, हलू नका कुनी!” त्यानं मोबाइल वर धरला. “किती शिस्तीत गेल्या बघ सगळ्या. सरावच झाला. फायलीला फोटो पायजेच हुता.”

फोटोत पोती येऊ नयेत म्हणून त्यानं मोबाइल जरा उंच धरला. बायकांची डोकी आली, वर हिरवा माणूस आला.

“कुलूप काढा आता तरी,” लखू म्हणाला. तो अजून खालीच बसला होता.

“काय झालं आता? कुनाला खरचटलं तरी काय?”

बायका जागेवर परतल्या. रुक्मा त्याच्यापाशी थांबली, हात देऊन त्याला उठवलं. तिची बोटं टरफलाच्या तेलानं काळवंडलेली होती.

“सांगितलं हुतं न्हवं तुला,” तो म्हणाला.

“व्हय.”

“मग?”

“माजं ध्यान हुतं. सरळ पुढं, भिंतीला धरून. सगळं ध्यानात हुतं.” तिनं त्याच्या पँटवरची धूळ झटकली. “पन अंधारात दुसरं काय दिसलंच न्हाई हो. तेवढाच दिसला.”

मागून राजेश्वरीनं हाक मारली, टोपलीतला माल सहाच्या आत संपवायचा होता. रुक्मा गेली, थप्पीजवळच्या आपल्या खुर्चीवर बसली आणि तिनं सुरी उचलली.