ऐकलेला धडा

शाळांवर मी आजवर पुष्कळ पत्रकं लिहिली. माझ्या बहिणीच्या धाड गावाजवळच्या शाळेवर लिहायला बसले, तेव्हा मात्र पहिल्यांदा किळस आली.

ती नववीत होती. डिस्लेक्सिया असल्याचा दाखला जिल्ह्याच्या रुग्णालयातून आणला होता. एक पान वाचायला तिला अर्धा तास लागे. सांगितलेलं मात्र लगेच समजे. मुख्याध्यापकांनी आईला बोलावून सतरा नंबरचा फॉर्म समोर ठेवला. म्हणजे शाळा सोडायची आणि दहावीला बाहेरून बसायचं. शाळेचा शंभर टक्के निकाल तिच्यामुळे बिघडायला नको, असं त्यांचं म्हणणं.

आईसोबत मीही गेले होते. मी विचारलं, "सर, देणगीत ओळी वाचून दाखवणारं पेन आलंय ना? ते तिला का देत नाही?"

त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं. पेनावरचा प्लास्टिकचा कागदही निघालेला नव्हता. त्यांनी ते इतिहासाच्या ओळीवरून फिरवलं. पेन इंग्रजी आवाजात काहीतरी बरळलं. सर हसले, "घ्या! पोरीसोबत पेनही नापास."

पेनाचा दोष नव्हता. ते फक्त इंग्रजी वाचणारं होतं. इंग्रजीचा धडा त्यानं नीट वाचून दाखवला असता. मराठी शाळेला ते देताना आणि घेताना कोणी हे विचारलंच नव्हतं.

घरी मोबाइलवर इतिहासाच्या पुस्तकाची पीडीएफ ऐकून पाहिली. मोबाइलला न कळणाऱ्या जुन्या फॉन्टमुळे तोही अक्षरांचा कचराच वाचू लागला. मग मी एकेका पानाचा सपाट, उजेडातला फोटो काढला. अ‍ॅपनं त्यातली अक्षरं ओळखली. चुकलेली जोडाक्षरं आणि सालं मी पुस्तकाशी ताडून दुरुस्त केली. मराठी आवाजाचा वेग कमी ठेवला. बहीण ओळीवर बोट ठेवून ऐके, परिच्छेद संपला की थांबवून स्वतःच्या शब्दांत सांगे. सहा पानांचा धडा चार दिवसांत झाला.

आम्ही आग्रह धरल्यावर आठवड्यानं सरांनी आमच्यासमोर ऑफिसातच तिची तोंडी परीक्षा घेतली. हरितक्रांतीचे फायदे-तोटे तिनं न अडखळता सांगितले.

"हे ऐकून आलंय. वाचून नाही," सर म्हणाले.

"सर, तुमी वर्गात शिकवता, तेबी पोट्टे ऐकूनच शिकतात ना?" बहिणीनं विचारलं.

दाराशी उभा शिपाई खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. सरांनी फॉर्म आईकडे सरकवला, "ताई, हिच्या भल्यासाठीच सांगतो."

आईनं सहीचं पेन हातात घेतलंच नाही. "भलं तिचं नाही, तुमच्या निकालाचं हाय, सर. मी सही नाही करत. पोरगी इथंच शिकन. दाखला हाय, परीक्षेत जादा वेळ अन वाचून दाखवनारा माणूस मिळतो. त्याचा अर्ज द्या मले."

अर्ज संध्याकाळपर्यंत मिळाला नाही. आम्ही तिघी व्हरांड्यातच बसून राहिलो. शेवटी शाळा बंद करताना क्लार्कनं तो काढून दिला. सरांचा दरवाजा बंदच होता.

बहीण आता त्याच शाळेत दहावीच्या वर्गात आहे.