गाठ मारलेली केबल

राउटरवर लाल दिवा दिसला तेव्हाच माझं डोकं फिरलं. कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, "सर, राउटर बंद करून चालू करा." केलं. दिवा लालच. खिडकीतून पाहिलं तर कोपऱ्यावरच्या सुबाभळीची फांदी मोडून इंटरनेटच्या केबलवर पडलेली, आणि केबल तुटून गल्लीत लोंबत होती. मी तिला खांब कुठे आहे ते सांगितलं, लांबूनच काढलेला फोटो पाठवला आणि तक्रार नोंदवायला लावली.

तोवर शेजारचे काका खाली पोचले होते. त्यांचं आयुष्य भिवंडीच्या लूमवर गेलंय; धागा तुटला की हात आपोआप पुढे होतो.

"काका, हात लावू नका, त्याच खांबावर विजेची तार आहे," मी ओरडलो.

"ती वर हाय," म्हणत त्यांनी दोन्ही टोकं ओढून गाठ मारली. "बघ, चालू झालं?"

"काका, आत काच असते. तिच्यातून उजेड जातो. गाठीतून कसा जाणार?"

"गाठ सुटली काय?"

"नाही."

"मंग तुझ्या मशीनमध्येच खोट हाय."

दुपारी लाइनमन आला. गाठ त्यालाही सुटेना. शेवटी ती कापून त्याने मध्ये नवा तुकडा घातला, काचेचे तंतू मशीनवर जोडले आणि जोडांवर डब्या बसवल्या. दिवा हिरवा झाला.

काकांनी त्या डब्या खालून बराच वेळ निरखल्या.

"गाठ न्हाय मारली त्याने," ते मला म्हणाले. "आताच तक्रार कर."