टाइल्सवाल्यांचा नकार

कचेरीच्या फाटकासमोर तीन टायपिंगची दुकानं होती. त्यातल्या मधल्या दुकानाच्या मालकिणीला सगळी गल्ली नकारबाई म्हणायची. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांची हरकत नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात स्टेनो म्हणून काढली होती. तिथले साहेब अर्जदारांबद्दल वाटेल ते बरळायचे, आणि बाई समोर बसून कागदावर उतरवायच्या ते मात्र, 'आपल्या अर्जाचा विचार करता आला नाही, याचा खेद आहे.' निवृत्त झाल्यावर त्यांनी दुकान टाकलं, आणि ज्यांना 'नाही' म्हणायचं असतं पण म्हणता येत नाही, अशी माणसं आपोआप त्यांच्याकडे येऊ लागली. या माणसांबद्दल बाईंचं मत फारसं बरं नव्हतं.

टाइल्सवाले आले ते सहकुटुंब. पुढे ते स्वतः, मागे बायको, आणि तिच्या मागे तीस वर्षांचा मुलगा. मुलगा मोबाईलमध्ये डोकं घालून उभा राहिला.

"एका स्थळाला नकार कळवायचाय," टाइल्सवाले म्हणाले. "लिहून आणलंय. तुम्ही फक्त जरा गोड करा."

बाईंनी कागद वाचला. 'तुमच्या इमारतीला लिफ्ट नाही. आम्ही चार जिने चढून आलो, तर चहा गार. मुलीचा रंग फोटोत होता तसा नाही. मुलगी म्हणते, लॅबमधली नोकरी सोडणार नाही. वर आमच्या मुलालाच विचारते, तुम्ही घरात काय काय काम करता? अशी मुलगी आमच्या घरात टिकणार नाही. आम्हाला याहून चांगली स्थळं येत आहेत.' खाली सही, आणि सहीखाली त्यांच्या टाइल्सच्या दुकानाचा शिक्का.

शिक्का बघून बाईंना हसू आलं, ते त्यांनी चष्मा पुसण्यात घालवलं. मग मान वर करून मुलाला विचारलं, "मुलीने विचारलं तेव्हा तू काय सांगितलंस?"

मुलाने आधी वडिलांकडे पाहिलं. "पप्पांनी सांगितलं ना. आमच्याकडे बाई आहे कामाला."

असल्या ठोंब्याला नको म्हणायची वेळ त्या मुलीवर आली नाही, हे तिचं नशीब, असं बाईंच्या मनात आलं. त्यांनी लाल पेन काढलं आणि एकेक ओळ खोडायला सुरुवात केली. लिफ्ट गेली. चहा गेला. रंगावर तर त्यांनी इतका जोर दिला की कागद फाटला.

"अहो, सगळंच खोडताय!" टाइल्सवाले म्हणाले. "मग कारण काय द्यायचं?"

"द्यायचंच नाही. लिफ्ट नाही म्हणालात, तर ते म्हणतील पुढच्या वर्षी बसतेय. नोकरी म्हणालात, तर मध्यस्थ मुलीला समजवायला धावेल. कारण दिलं की माणूस ते दुरुस्त करायला निघतो. आणि दुरुस्त न होणारं कारण दिलंत, तर तो जन्मभर विसरत नाही."

"मग असं लिहा ना," बायको म्हणाली, "की मुलाला इतक्यात लग्नच करायचं नाही."

"आणि दोन महिन्यांनी लग्नाच्या पत्रिका वाटाल तेव्हा? मध्यस्थ कोण आहे?"

"ह्यांच्या मेहुण्यांचे शेजारी."

"मग पत्रिका त्यांच्या हातात आधी पडेल. पचणार नाही ते खोटं बोलायचं नाही."

टाइल्सवाल्यांच्या नाकपुड्या फुगल्या. "पण यात त्यांची चूक कुठे आली?"

"येत नाही. चूक लिहायची असेल तर समोर वकील बसतात."

बाईंनी मशीनमध्ये कोरा कागद चढवला. पत्र मुलीच्या वडिलांच्या नावे हवं, कारण स्थळ त्यांच्याकडून आलं होतं. सही घरातल्या कर्त्याची, मुलाची नव्हे. शिक्का नको. मजकूर हाताने उतरवून काढायचा, कारण छापील नकार आला की माणसाला आपण गठ्ठ्यातले एक आहोत असं वाटतं. आणि पत्र पोचायच्या आधी मध्यस्थाला फोन, नाहीतर त्याला बाहेरून कळतं आणि तो फुगून बसतो. हे सगळं त्या टाइप करता करता सांगत होत्या, आणि टाइल्सवाले गिऱ्हाइकाची उधारीची सबब ऐकून घ्यावी तशा चेहऱ्याने ऐकत होते.

'आपल्या घरी आमचं आपुलकीने स्वागत झालं, त्याबद्दल आभार. घरात सर्वांनी मिळून विचार केला, आणि हा संबंध पुढे न नेण्याचं आम्ही ठरवलं आहे. आपल्याला ताटकळत ठेवणं योग्य नाही, म्हणून लगेच कळवत आहोत. मुलीची माहिती आणि फोटो सोबत परत पाठवले आहेत. आमच्याकडे प्रत ठेवलेली नाही. आपल्या मुलीला मनापासून शुभेच्छा.'

"मुलीचं थोडं कौतुक टाका की," बायको म्हणाली. "सुशील, गुणी वगैरे."

"एवढी गुणी, तर मग नकार का? असं तिची आई विचारेल. शुभेच्छा पुरे."

टाइल्सवाल्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक शब्द घाला. 'सध्या'. सध्या पुढे न नेण्याचं ठरवलं आहे."

"का?"

"एका डॉक्टर मुलीचं बोलणं चाललंय. नाही जमलं, तर ही आहेच."

"तोवर त्यांनी दुसरी स्थळं थांबवायची?"

"थांबवली तर आपलं काय जातंय?"

आतापर्यंत बाईंना हा माणूस नुसता बावळट वाटत होता. कारखान्यातल्या साहेबाने लोकांना शिव्या दिल्या होत्या, पण कोणाला असं खुंटीला टांगून ठेवलं नव्हतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्याने सगळं ऐकलं होतं, आणि अंगठा स्क्रीनवर फिरतच होता.

"तो शब्द माझ्या मशीनवर उमटणार नाही," बाई म्हणाल्या. "हवा तर शेजारी टाइप करून घ्या. तिकडे शिक्काही मारून देतील. आणि मुलीचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये आहे ना? तो आत्ता काढा. पत्रात तसं लिहिलंय."

का कोण जाणे, बायकोने निमूटपणे फोटो काढून टाकला. नवऱ्याचा आणि मुलाचाही मोबाईल मागून घेतला. घरी पत्र तिनेच हाताने उतरवलं, आणि गेलं ते बाईंनी लिहिलं तसंच.

आठवड्याने टाइल्सवाले पुन्हा आले, या वेळी एकटे. त्यांनी एक पाकीट टेबलावर आपटलं.

"वाचा! वाचा तुमच्या गोडपणाचं फळ!"

आत चार ओळी होत्या. 'आपलं पत्र मिळालं. इतक्या लवकर आणि स्पष्ट कळवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. असं कोणी कळवत नाही. आमच्या मुलीचंही हेच मत होतं. आपण आधी लिहिल्यामुळे आमचा एक कागद खर्ची पडायचा वाचला.'

"म्हणजे त्यांनाच नको होतं!" टाइल्सवाल्यांना धाप लागली होती. "आमच्या मुलाला! आणि मी आपला शुभेच्छा देत बसलो! बाई, याला असं उत्तर लिहा की..."

"याला उत्तर नसतं."

"तुम्हीच लिहून दिलंत का हे त्यांना? खरं सांगा!"

बाईंनी पत्र पुन्हा एकदा, सावकाश वाचलं. अक्षर बारीक आणि ठाम होतं, मुलीच्या वडिलांचं खचित नव्हे, तिचंच असणार.

"मी लिहिलं असतं, तर शेवटचं वाक्य खोडलं असतं," त्या म्हणाल्या. "नकारात टोमणा मारू नये."

टाइल्सवाले आणखी बराच वेळ बोलत राहिले. डॉक्टर मुलीकडच्यांनी तर दोन फोनही उचलले नव्हते, हेही त्यात निघालं. मग ते शेजारच्या दुकानात गेले. तिथे त्यांनी काय लिहून घेतलं, ते बाईंनी विचारलं नाही. त्यांच्यासमोर तोवर एक घरमालकीणबाई येऊन बसल्या होत्या. त्यांना भाडेकरूला खोली सोडा म्हणायचं होतं, आणि त्यांनीही येताना कागद लिहून आणला होता.